ते चार दिवस आणि बाकीचे सव्वीस

चामोर्शी तालुक्यातल्या एका गावात रोवणी आटोपल्यावर आमची बैठक होती. विषय ठरलेला होता, पाळीच्या दिवसांत बाईला बाजूला बसवण्याची प्रथा. गडचिरोली जिल्ह्यात हा विषय नवा नाही. एटापल्ली, भामरागडकडच्या माडिया-गोंड गावांत कुर्माघर असतं आणि पाळीतली बाई त्यात राहायला जाते. आमच्या सखल, धानाच्या गावांत वेगळं घर नसलं तरी ओसरीचा कोपरा, वेगळं पांघरूण आणि वेगळी ताटली असते. मी नेहमीप्रमाणे बोलले. पाळी म्हणजे विटाळ नाही, गर्भाशयाचं अस्तर कसं गळतं, देवाचा आणि रक्ताचा काही संबंध नाही, वगैरे. बायका ऐकत होत्या. मागे बसलेल्या साठीच्या एका काकींनी मध्येच विचारलं, "आमचे थे चार दिवसबी घेता का जी बाई?"

सगळ्या बायका हसल्या. काही तर पदर तोंडाशी धरून हसल्या. मीही हसले, पण मला ते नीट कळलं नव्हतं. बैठक संपल्यावर चार-पाच जणी मागे राहिल्या, तेव्हा कळलं. त्या चार दिवसांत नवरा जवळ येत नाही. बाईला रात्री अंग टाकून झोपता येतं. कुणाला काही सांगावं लागत नाही, कुणी काही विचारत नाही. एकीने सांगितलं की ती चाराचे सहा करते. दुसरीने सांगितलं की तिची पाळी गेली त्याला दोन वर्षं झाली, पण घरी तिने अजून सांगितलेलं नाही.

मैत्रिणींनो, समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेताना मी बरीच पुस्तकं वाचली, पण पाळीचा विटाळ म्हणजे बाईची सुट्टी असू शकते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. अस्पृश्यतेचा तो कोपरा काढून टाकायला मी निघाले होते, आणि त्यातल्या काहींसाठी घरातली तेवढीच जागा त्यांची स्वतःची होती. ही प्रथा राहू द्यावी, असं मी म्हणत नाही. पण ज्या घरात बाईला 'आज नको' म्हणायला विटाळाचा आधार घ्यावा लागतो, त्या घरात विटाळ गेल्यावर 'नको' कशाच्या आधाराने म्हणायचं, हे आम्ही कुणी विचारलं नव्हतं. हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे.

त्या दिवसापासून मी बायकांना विचारत गेले की नको असतं तेव्हा काय करता. उत्तरं जवळजवळ सारखी आली. बाहेरची आहे म्हणते. उपास आहे म्हणते. श्रावण, नवरात्र, महाशिवरात्र, मार्कंड्याच्या जत्रेला जायचं आहे. बाळंतपणानंतर सवा महिना. लेकरू कडेला घेऊन झोपते, ते मध्ये असलं की बरं. सासूजवळ झोपते. डोकं दुखतं. आणि सगळ्यात जास्त वेळा येणारं उत्तर, 'अंगावरून जातंय म्हणून सांगते.' या यादीत देव आहे, रीत आहे, लेकरू आहे, सासू आहे, आजार आहे. बाई स्वतः कुठेही नाही. 'मला नको' किंवा 'मी दमले' असं वाक्य एकीनेही सांगितलं नाही. दिवसभर कमरेत वाकून परे रोवणाऱ्या बाईला थकवा हे कारण वाटत नाही, कारण थकवा तर रोजचाच आहे.

उलट बाजूचं वाक्यही नाही. हवं असेल तर काय करता, हा प्रश्न मी खूप उशिरा विचारला, कारण मलाच लाज वाटत होती. त्यावर बायका एकमेकींकडे बघतात. एक तरुण मुलगी म्हणाली, "आपण कसं म्हणायचं? मंग म्हणतीन ना, कुठून शिकून आली."

ही गप्प राहण्याची व्यवस्था कशी तयार होते, ते बघायचं तर लग्न ठरतं तिथूनच सुरुवात करावी लागते. आमच्याकडे मुलगी बघायला येतात तेव्हा विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, शेतात जाते का, हल्ली शिलाई किंवा कॉम्प्युटर केलं आहे का. मुलाकडचं म्हणजे धानाची बांधी किती, पाणी आहे का, नोकरी आहे की कंत्राटी. साक्षगंध झालं की आताशा मुलगा-मुलगी फोनवर बोलतात. हे पंचवीस वर्षांपूर्वी नव्हतं. मला वाटलं होतं, या फोनमुळे काही तरी बदललं असेल. मुलींना विचारलं, काय बोलता? "जेवली का, झोपली का, काय करून राहिली." रात्री दोन-दोन तास हेच. एका मुलीने मात्र साक्षगंधानंतर होणाऱ्या नवऱ्याला 'आपण दोन वर्षं मूल नको म्हणू या का' असं विचारलं. त्याने आईला सांगितलं, आईने मुलीच्या मावशीला, मावशीने मुलीच्या आईला. चार दिवसांनी आईने मुलीचा फोन काढून घेतला. लग्न झालं. तिला पहिल्याच वर्षी मुलगी झाली.

लग्नाच्या आधी मुलीला घरातली थोरली बाई एवढंच सांगते की नाही म्हणू नको, त्याचं मन राख. मुलाला घरात कुणीच काही सांगत नाही. त्याला मित्र सांगतात, मोबाइलवरची चित्रं सांगतात, आणि एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या 'गुप्तरोग' आणि 'धातुदोष' या जाहिराती सांगतात. त्या जाहिरातींनी पिढ्यान्‌पिढ्यांचे पुरुष घाबरवून ठेवले आहेत. म्हणजे एकीला शिकवलं आहे की तुझं काम हो म्हणणं, दुसऱ्याला शिकवलं आहे की तुझं काम करून दाखवणं. या दोन्ही कामांत बोलायची गरजच पडत नाही. बायकोला 'तुला कसं वाटतं' असं विचारणारा नवरा मित्रांत बायकोचा बैल ठरतो. आणि बायकोने स्वतःहून काही म्हटलं तर तिच्या चारित्र्याचा प्रश्न निघतो. आपण याला संकोच म्हणतो, लाज म्हणतो. मला ती कामाची वाटणी वाटते. कुणी दळायचं, कुणी नांगरायचं हे जसं ठरलेलं असतं, तसं कुणी काय बोलायचं नाही हेही ठरलेलं असतं.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकं होतात, रात्र रात्र चालतात. रंगमंचावर नवरा-बायको एकमेकांशी केवढं बोलतात! रुसवे, विनवण्या, शपथा, रडणं. मंडपात एका बाजूला बाया आणि दुसऱ्या बाजूला माणसं बसून डोळे पुसतात. पहाटे तीच जोडपी घरी जातात, तो पुढे आणि ती मागे. नवऱ्याचं नाव उखाण्यात चारचौघांसमोर घेता येतं, घरात नाही. घरात 'का जी' आणि 'ऐकते का' एवढ्यावर आयुष्य निघतं. त्यात प्रेम नसतं, असं मी म्हणणार नाही. बायको आजारी पडली तर रात्रीतून बैलगाडी जुंपणारे नवरे मी पाहिले आहेत. पण ते प्रेम कळायला आधी आजारी पडावं लागतं.

आता 'अंगावरून जातंय' या वाक्याकडे येते. गावात पांढरं जाणं हा विषय निघाला की ऐकणारे दोन प्रकारची चूक करतात. एक चूक डॉक्टरांची. बाई म्हणते पांढरं जातंय, ते न तपासता गोळ्या लिहितात. दुसरी चूक आम्हा शिकलेल्या कार्यकर्त्यांची. आम्ही म्हणतो, हे मनाचं दुखणं आहे, बाईला दुसरं काही तरी सांगायचं आहे. वर दिलेल्या यादीवरून तुम्हालाही तसंच वाटलं असेल. म्हणून आपल्याच जिल्ह्यातल्या एका अभ्यासाची आठवण करून देते.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी 'सर्च'तर्फे गडचिरोलीतल्या दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो निबंध १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. दवाखान्यात आलेल्या बायका न तपासता गावातल्या बायका तपासल्या, हे त्याचं वेगळेपण. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा जास्त स्त्रीरोग निघाले, सरासरी एकीला साडेतीनहून जास्त. तक्रार करणाऱ्या होत्या ५५ टक्के. आणि पूर्वी कधी तरी अशी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. जगभर त्या ९२ टक्क्यांची चर्चा झाली. मला मात्र नेहमी ९२ आणि ५५ यांच्यामधल्या बायका दिसतात. आजार आहे आणि तक्रार नाही. काहींना जाणवतच नसेल, काहींना तो बाईच्या जन्माचा भाग वाटत असेल. पण त्यातल्या काही जणींकडे सांगायला माणूस नव्हतं, असं आजच्या बायकांचं ऐकून मला वाटतं. राणीताईंच्या 'कानोसा' या पुस्तकात बायकांनी आपल्या शरीराबद्दल काय काय सांगितलं आहे, ते ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं.

म्हणजे पांढरं जाणं हा खरा आजार असतो, आणि तोच बाईचा नकारही असतो. दोन्ही एकाच वेळी. या दोहोंतलं एकच ऐकलं की काय होतं, ते एका जोडप्याच्या गोष्टीतून सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ती बत्तीस वर्षांची, दोन मुलं, दुसऱ्यानंतर ऑपरेशन केलेलं. नवरा शांत, दारू नाही, मारझोड नाही. दोन एकर धान, बाकीचे दिवस मजुरी, आणि मिरचीच्या हंगामात तेलंगणात तोडणीला. तिला तीन वर्षांपासून पिवळसर पाणी जात होतं, ओटीपोटात दुखत होतं, आणि संबंधाच्या वेळी तर फारच दुखायचं. तिने पहिल्यांदा मोटारसायकलवर येणाऱ्या डॉक्टरकडून इंजेक्शन आणि सलाईन घेतलं. दुसऱ्यांदा आशाताई तिला घेऊन एका दवाखान्यात गेल्या, तिथे खाटेवर न झोपवताच गोळ्या मिळाल्या. तिसऱ्यांदा एका डॉक्टरबाईंनी नीट आतून तपासलं. गर्भाशयाच्या तोंडाला सूज आहे म्हणाल्या, गोळ्यांची पाकिटं दिली, एक तिच्यासाठी आणि एक नवऱ्यासाठी. सांगितलं की दोघांनी घ्या, आणि सात दिवस संबंध नको. दवाखान्याचं काम तिथे बरोबर झालं होतं. सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्येही हीच पद्धत आहे. गर्भाशयाच्या तोंडाची सूज लैंगिक संसर्गाची असू शकते, म्हणून जोडीदारालाही औषध देतात, नाही तर बरी झालेली बाई पुन्हा आजारी पडते.

दोन महिन्यांनी ती पुन्हा तशीच. गोळ्या घेतल्या का? घेतल्या. नवऱ्याने? ती गप्प. आशाताईंना वाटलं, नवऱ्याने घ्यायला नकार दिला. मी त्या दिवशी सोबत होते, तिच्याबरोबर विहिरीपर्यंत गेले. तिथे तिने सांगितलं की नवऱ्याचं पाकीट तिने महिनाभर धानाच्या ढोलीमागे लपवून ठेवलं होतं. मग वाया कशाला घालवायचं म्हणून तेही तिनेच खाल्लं. दोघांच्या गोळ्या एकीने खाल्ल्या तर लवकर बरं वाटेल, असंही तिला वाटलं.

नवऱ्याला का नाही दिलं, असं विचारल्यावर तिने जे सांगितलं ते मी जवळजवळ तसंच लिहिते. देताना काय म्हणायचं? 'गोळी घ्या' म्हटलं तर ते विचारतील कशाची. कशाची ते सांगायला शब्दच नाही. जे आहेत ते शिवीत वापरतात. आणि समजा सांगितलं, तर दोनच अर्थ निघतात. मी म्हणते की तुम्ही बाहेर गेले होते, तिकडून आणलं. नाही तर ते म्हणतील, मी गावात नव्हतो तेव्हा तूच काही केलं. "माणूस चांगला आहे बाई. उगाच कायले डोस्क्यात घालू?"

तिची भीती खोटी नव्हती. जोडीदाराच्या औषधावरून बाईला मारल्याचं मी पाहिलं आहे. म्हणून तिला त्याच विहिरीवर मी तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, असा संसर्ग शरीरात महिनोन्‌महिने काही त्रास न देता राहू शकतो, म्हणून तो कधी आला आणि कुणाकडून आला, हे तपासणीवरून सांगता येत नाही. दुसरी, सगळंच पांढरं जाणं असं नसतं. पाळीच्या मधल्या दिवसांत येणारं वास नसलेलं, चिकट पाणी आजार नव्हे. दह्यासारखं आणि खाजरं असेल तर ते बहुतेक बुरशीचं, आणि ते एकमेकांकडूनच येतं असं नाही. पण वास, पिवळा-हिरवा रंग, ओटीपोटात दुखणं, संबंधानंतर रक्त दिसणं यापैकी काही असेल तर आतून तपासून घेतल्याशिवाय गोळी घेऊ नये. संबंधानंतर रक्त दिसलं तर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणीही झालीच पाहिजे. तिसरी गोष्ट मी विचारली, सांगितली नाही. घरी हे निघालं तर तुला मार बसेल का? ती म्हणाली, मार नाही बसणार. बोलणं बंद होईल. मग थोडं थांबून म्हणाली, "तसं ते बंदच आहे."

मी तिची परवानगी घेतली आणि आमच्या एका पुरुष सहकाऱ्याला त्याच्याकडे पाठवलं. पानठेल्यावर नाही, बांधीवर, तो एकटा असताना. सहकारी तिच्या आजाराबद्दल एक शब्दही बोलणार नव्हता, असं ठरलं होतं. तो पुरुषांच्या लघवीच्या त्रासाबद्दल बोलायला लागला आणि पंधरा मिनिटांत त्या माणसाने स्वतःच सांगितलं की त्याला दोन वर्षांपासून लघवीला जळजळ होते. त्याने बाजाराच्या दिवशी तंबूवाल्याकडून अठराशे रुपयांची जडीबुटी घेतली होती. घरी सांगितलं नव्हतं. ती पुडी गोठ्यात ठेवलेली होती.

एकाच घरात एकीच्या गोळ्या ढोलीमागे, दुसऱ्याची पुडी गोठ्यात. आजार बहुधा एकच, आणि दोघांनी तो एकमेकांपासून लपवला.

पण मला जास्त लागलं ते त्याचं दुसरं बोलणं. तो सहकाऱ्याला म्हणाला की बायको जवळ गेलं की तोंड फिरवते, अंग आखडून घेते. त्याला वाटलं, आपण तिला आवडत नाही. लग्न तर घरच्यांनीच ठरवलेलं होतं, तिला कुणी विचारलं असेल-नसेल. म्हणून तोही मग कमी बोलायला लागला. हंगामात तेलंगणात जास्त दिवस राहायला लागला, आणि घरी असला की पाठ करून झोपायला लागला. तिला दुखत होतं. त्याला ते दुखणं न कळता नावड कळली. आणि त्याची पाठ बघून तिला वाटलं की याचं बाहेर काही आहे. तीन वर्षं दोघांनी एकमेकांच्या शरीराचा अर्थ लावला, आणि तो चुकीचा लावला.

ठरवून झालेल्या लग्नात अशी चूक सोपी असते, असं मला वाटतं. जिथे दोघांनी एकमेकांना निवडलेलं नसतं, तिथे 'मी याला किंवा हिला हवी आहे का' हा प्रश्न कायम मागे उभा असतो, आणि तो विचारायची सोय नसते. प्रेमविवाहात सगळं आलबेल असतं, असं मात्र मी म्हणणार नाही. पळून लग्न केलेल्या दोघी माझ्या बैठकीला येतात, त्यांची यादीही हीच आहे. निवड करता आली तरी बाईचं काम आणि पुरुषाचं काम बदलत नाही.

दोघांनी औषध घेतलं. त्यालाही डॉक्टरांनी सांगितलं की सात दिवस संबंध नको. तो आपल्या तोंडाने ते तिला सांगू शकला नाही, पण चिठ्ठी तिच्यापुढे ठेवली. ती सातवी शिकलेली आहे, तिने वाचली.

बायकांचा आजार म्हणजे बायकांचं प्रकरण, ही समजूत फक्त गावातच आहे असं समजू नका. वास येणारं पातळ पांढरं पाणी, जो बायकांत फार वारंवार आढळणारा प्रकार आहे, त्यात नवऱ्याला औषध द्यायचं नाही, अशीच वैद्यकशास्त्राची रीत राहिली आहे. बाईला गोळ्या, महिन्या-दोन महिन्यांनी परत तेच, परत गोळ्या. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एका पुरुषाबरोबर राहणाऱ्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही जोडप्यांत दोघांना औषध दिलं, पुरुषाला पोटात गोळ्या आणि वरून मलम, सात दिवस. काहींत फक्त बाईला. बारा आठवड्यांत फक्त बाईला औषध दिलेल्या गटात ६३ टक्के बायकांना आजार परत आला, दोघांना दिलेल्या गटात ३५ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास लवकर थांबवला. इतकी वर्षं आपण बायकांना सांगत होतो, स्वच्छता ठेवा. आमच्या बैठकीतही मीच सांगितलं आहे. आता ते आठवलं की वाईट वाटतं.

पण हे नवं ज्ञान गावात येईल तेव्हा पुन्हा तोच पेच होणार आहे. डॉक्टर नवऱ्याचं औषध बायकोच्या हातात देतील, आणि ती ते ढोलीमागे ठेवील. आपल्या गटांनी आरोग्य विभागाकडे मागणी करायची तर ती इथे करावी, असं माझं मत आहे. जोडीदाराचं औषध बाईच्या हाती देऊन मोकळं होऊ नये. देण्याआधी तिला मारहाणीचं विचारावं. पुरुषाशी बोलायला पुरुष कर्मचारी असावा, आणि त्याने बोलण्याची सुरुवात पुरुषाच्या स्वतःच्या तब्येतीपासून करावी. आशाताईंवर हे टाकू नका. गावातल्या सुनेने गावातल्या भासऱ्याशी हे कसं बोलायचं? आणि जिथे मार बसेल अशी भीती असेल, तिथे नवऱ्याच्या औषधाचा आग्रह धरू नये, आधी तिची सुरक्षितता बघावी. तिथे आजार परत येईल, हे आपण कबूल केलं पाहिजे.

कायद्याबद्दल थोडंच लिहिते, कारण आपल्या वाचकांना तो माहीत आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही, जुन्या दंडविधानाप्रमाणेच, अठरा वर्षांपुढच्या पत्नीवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्कार धरलेली नाही. मे २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात या अपवादावर दोन न्यायमूर्तींची दोन मतं पडली होती. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लैंगिक छळ मानतो, तेवढाच आधार. हा अपवाद गेला पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण बैठकीत मी हे सांगते तेव्हा बायका शांत होतात. त्यांच्यातल्या बहुतेकींच्या नवऱ्यांनी जबरदस्ती केलेली नाही, कारण त्यांनी कधी नकार दिलेलाच नाही. ज्या घरात 'नाही' हा शब्द तोंडातून येतच नाही, तिथे 'संमती' कशाला म्हणायचं, हे कायद्याला एकट्याने ठरवता येणार नाही.

आमच्याच गटात यावर मतभेद आहेत. एक मैत्रीण म्हणते, तुम्ही नवरा-बायकोंना बोलायला शिकवता म्हणजे लग्नसंस्थेची डागडुजी करता. तिचं म्हणणं मी टाकून देत नाही. जिथे मार आहे, संशय आहे, दारू आहे, तिथे बोलायला शिकवणं ही बाईवर आणखी एक जबाबदारी टाकणं होईल. तिथे आमचं काम वेगळं आहे. पण आमच्याकडे येणाऱ्या बायकांत मार न खाणाऱ्या, नवरा चांगला आहे म्हणणाऱ्या आणि तरी पंधरा वर्षांत एकदाही आपल्या मनाचं न बोललेल्या बायका पुष्कळ आहेत. त्यांना नवरा सोडायचा नाही. त्यांची चळवळीकडे तक्रारही नाही, म्हणून त्या आमच्या नोंदवहीत कधी येत नाहीत.

पाळीच्या प्रथेविरुद्धची बैठक मी बंद केलेली नाही. पण आता मी तिथे आधी विचारते की या चार दिवसांत तुम्हाला काय मिळतं. ते सगळं फळ्यावर लिहितो. झोप, एकटेपणा, चूल नाही, रात्री कुणी हात लावत नाही. मग विचारते, यातलं काय बाकीच्या सव्वीस दिवसांत हवं आहे. चूल आणि झोप यावर भराभर बोलणं होतं. शेवटच्या गोष्टीवर अजून फारसं होत नाही. एकदा सरावासाठी एकेकीला 'आज नको, मी दमले' एवढंच मोठ्याने म्हणायला सांगितलं. वीसपैकी अकरा जणींनी म्हटलं. बाकीच्या हसत राहिल्या. वर ज्या काकींनी मला प्रश्न विचारला होता त्या म्हणाल्या, त्यांचं तर आता सुटलं. थोरल्या मुलाचं लग्न झालं, सून घरात आली, आता सासू-सासऱ्यांनी एका खोलीत झोपलं तर गाव नावं ठेवील. त्या हे सांगताना हसत होत्या. मग म्हणाल्या, "पन म्हातारा एकटाच ओसरीत खोकलते रात्रभर, थे आयकू येते."

ढोलीवाली बाई या दिवाळीनंतर भेटली. दुखणं थांबलं आहे. मी विचारलं, घरी बोलता का आता? म्हणाली, त्या सात दिवसांत पहिल्या दिवशी काहीच नाही बोललो, तिसऱ्या दिवशी ते मुलाच्या शाळेबद्दल बोलले, मग मिरचीच्या मुकादमाने किती पैसे बुडवले ते सांगितलं. तीन वर्षांत तिला ते माहीतच नव्हतं. मग ते सात दिवस संपले. नंतर तिने आणखी दोन वेळा त्याच चिठ्ठीवर सात-सात दिवस काढले. तारीख त्याने बघितली नाही, की बघूनही न बघितल्यासारखं केलं, हे तिला सांगता येत नाही. आता ती चिठ्ठी फाटली आहे. जाता जाता तिने मला विचारलं की दुसरी मिळेल का.

मी डॉक्टर नाही. तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, "लिहून तर तुम्हालेबी येते."